मोठा आकडा दिसला की सही करा

पॅकिंग मशीन घ्यायचंय आणि दोन कोटेशनं टेबलावर आहेत. पहिलं मशीन 10 लाखांचं, तीन वर्षं चालणारं, खर्च वजा जाता वर्षाला 5 लाख हातात ठेवणारं. दुसरं 18 लाखांचं, सहा वर्षं टिकणारं, वर्षाला 5 लाख 10 हजार देणारं. वर्षाला 12 टक्के दराने पुढची कमाई आजच्या किमतीत आणून मशीनची किंमत वजा केली की पहिल्याचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, साधारण 2 लाख 1 हजार येतं आणि दुसऱ्याचं 2 लाख 97 हजार. दुसरं मोठं. विषय संपला, चहा मागवा.

एखादा नवशिका अकाउंटंट मध्येच विचारेल, की पहिला आकडा तीन वर्षांचा आणि दुसरा सहा वर्षांचा, मग ताडून कसे पाहता? त्याला तिथेच गप्प करा. बोलू दिलंत तर तो प्रत्येक एनपीव्हीला त्या-त्या मुदतीच्या वार्षिकी गुणकाने, म्हणजे तेवढी वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या एकेका रुपयाच्या आजच्या एकूण किमतीने, भागेल, पहिल्याला 2.402 ने आणि दुसऱ्याला 4.111 ने. एक्सेलमध्ये `=PMT(12%,3,-200916)` टाकून तो पहिल्या मशीनची समतुल्य वार्षिक रक्कम 83,650 रुपये काढेल. दुसऱ्याची भरेल जेमतेम 72,200. तरी तुम्ही मान हलवली नाहीत, तर तो तीन वर्षांनी तेच मशीन पुन्हा घेऊन दाखवेल. दुसऱ्या खेपेचे 2.01 लाख आजच्या किमतीत 1.43 लाख, दोन्ही खेपा मिळून 3.44 लाख. दुसऱ्या मशीनचे 2.97 लाख मागे पडले, आणि चहाही गार झाला.

आता हरलाच आहात तर निदान पूर्ण हरा. ही वार्षिक रक्कम वेदवाक्य माना. तीन वर्षांनी हेच मशीन याच भावात मिळेल आणि तेवढंच कमावेल, हे तिच्यात गृहीत धरलेलं असतं, पण ते कुणाला सांगू नका. कारण कमाई तीच राहून मशीनचा भाव 10 लाखांवरून 10 लाख 66 हजारांवर गेला, की दोन्ही मशीनं बरोबरीत येतात. तीन वर्षांत साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला जेमतेम दोन टक्के भाववाढ! आपल्याकडे भाव कधी वाढतात का? आणि ज्या ऑर्डरसाठी मशीन घेताय ती तीन वर्षांतच संपणार असेल, तर दुसरी खेप होणारच नाही. तेव्हा दुसऱ्या मशीनला तीन वर्षांनी जुन्या बाजारात काय येईल ते बघावं लागतं. पण डीलरला फोन करण्यापेक्षा सूत्र सोपं.

मशीन एकदाचं ठरलं की पुढच्या वर्षाच्या बजेटकडे वळा. बँकेने हात आखडता घेतलाय, 50 लाखांच्या वर एक रुपया नाही. समोर तीन स्वतंत्र प्रस्ताव आहेत. शीतगृहाला 30 लाख लागतात, एनपीव्ही 12 लाख. सौर पॅनेलना 25 लाख, एनपीव्ही 9 लाख. नव्या बॉयलरला 25 लाख, एनपीव्ही साडेआठ लाख. इथे नफाक्षमता निर्देशांक काढा, म्हणजे गुंतवलेल्या एका रुपयामागे किती वर्तमान मूल्य परत येतं ते. शीतगृह 1.40, सौर 1.36, बॉयलर 1.34. वरून खाली यादी लावा, शीतगृहावर टिचकी मारा, आणि उरलेल्या 20 लाखांत काहीच बसत नाही हे कळल्यावर ते मुदत ठेवीत टाका. एकूण कमाई 12 लाख. सौर आणि बॉयलर मिळून बरोबर 50 लाखांत साडेसतरा लाख देतात, पण ते पाहायला जोड्या लावून बेरीज करावी लागते. निर्देशांकाचा क्रम चोख चालतो तो प्रकल्पाचे तुकडे करता येतात तिथे. अर्धं शीतगृह बांधून मिळत असेल तर जरूर घ्या.

तरीही आवडता प्रकल्प मागे पडत असेल, तर घाबरू नका. त्याला लागणारं खेळतं भांडवल छेदात, म्हणजे गुंतवणुकीत, धरायचं सोडून अंशातून वजा करा. एनपीव्ही तसूभरही हलत नाही आणि निर्देशांक वर चढतो. 30 लाखांचं मशीन, वर 10 लाखांचं खेळतं भांडवल आणि परत येणाऱ्या रकमांचं वर्तमान मूल्य 52 लाख असेल, तर सरळ हिशेबाने 52 भागिले 40, म्हणजे 1.30. तुमच्या हिशेबाने 42 भागिले 30, म्हणजे 1.40, थेट शीतगृहाच्या पंगतीत. टंचाई त्या 10 लाखांचीही आहे, हे माल भरायला पैसे कमी पडतील तेव्हा खरेदी खात्याला कळेलच.

दुसऱ्या वर्षीही पैशांची मर्यादा असेल, तर एकच निर्देशांक दोन वर्षांची टंचाई मोजू शकत नाही. मग एक्सेलचं सॉल्व्हर उघडून दोन्ही वर्षांच्या मर्यादा घालाव्या लागतात आणि प्रत्येक प्रकल्पासमोर शून्य किंवा एक, एवढंच चालेल असं सांगावं लागतं. इतकी खटपट कशाला? पहिल्या वर्षाच्या यादीवरच संचालकांची सही घ्या. दुसऱ्या वर्षीचा हप्ता अडला की खापर फोडायला बँक आहेच.