टिकवरून चॅप्टर्स कळत नाहीत

चॅप्टर्स म्हणजे युट्यूब व्हिडिओच्या खालच्या बारवर दिसणारे, नावं असलेले तुकडे. त्यांबद्दल असा सल्ला दिला जातो:

"व्हिडिओ अपलोड झाल्यावर स्टुडिओत ऑटोमॅटिक चॅप्टर्सच्या चौकोनात टिक दिसली की चॅप्टर्स लागले समजा. तरीही बारवर तुकडे दिसत नसतील तर युट्यूबने तुमचे चॅप्टर्स बंद केलेत. व्हिडिओ डिलीट करा आणि परत टाका."

यातला शेवटचा सल्ला सर्वात घातक आहे, पण आधी टिकचं बघू.

युट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर, व्हिडिओच्या तपशिलात `Show more` दाबलं की खाली `Allow automatic chapters and key moments` हा चौकोन येतो. त्यातला पहिलाच शब्द नीट वाचा. तुम्ही युट्यूबला परवानगी दिली आहे, एवढंच तो सांगतो. युट्यूबने व्हिडिओ तपासला का, त्याला विषय बदलल्याच्या जागा सापडल्या का, यातलं काहीही तिथे कळत नाही. सेटिंग बदललेली नसेल तर नव्या व्हिडिओला ही टिक आपोआप असतेच आणि प्रत्येक व्हिडिओ ऑटोमॅटिक चॅप्टर्सना पात्र ठरत नाही. टिक काढलेली असेल तर मात्र एक गोष्ट पक्की होते: आपोआप काही येणार नाही. आणि तुम्ही वर्णनात स्वतः लिहिलेल्या वेळांचा या टिकशी संबंधच नाही. ती यादी नियमात बसली तर टिक असो वा नसो, तीच लागते आणि आपोआप बनलेल्या चॅप्टर्सना मागे सारते.

म्हणजे शक्यता तीन: तुमचे चॅप्टर्स लागले, युट्यूबने बनवलेले लागले किंवा काहीच लागलं नाही. नुसत्या बारकडे बघून पहिल्या दोन्हींतला फरक पटकन कळत नाही, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. बारवर तुकडे दिसतात, माणूस खूश होतो, पण प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून नाव वाचत नाही. नाव वाचलं की लक्षात येतं, ते शब्द आपले नाहीतच.

खात्रीची तपासणी कॉम्प्युटरवर होते. इन्कॉग्निटो खिडकीत व्हिडिओचं पान उघडा, Ctrl+U दाबून पानाचा सोर्स काढा आणि Ctrl+F ने हे दोन शब्द शोधा:

```
DESCRIPTION_CHAPTERS
AUTO_CHAPTERS
```

पहिला सापडला तर वर्णनातली यादी स्वीकारली गेली. दुसराच सापडला तर चॅप्टर्स युट्यूबने बनवलेत. दोन्ही नसतील तर आत्ता या व्हिडिओला चॅप्टर्स नाहीत. तिथेच `HEATSEEKER` दिसला तर फसू नका. लोकांनी कोणता भाग जास्त वेळा पाहिला त्या आलेखाची ती खूण आहे, चॅप्टर्सची नाही. ही नावं युट्यूबच्या आतल्या वापराची आहेत, ती उद्या बदलूही शकतात. म्हणून सोर्ससोबत बारवरची नावंही डोळ्यांनी वाचावीत.

काही जण पुरावा म्हणून yt-dlp या व्हिडिओ डाउनलोड करायच्या साधनाने काढलेली चॅप्टर्सची यादी दाखवतात. तो पुरावा कच्चा आहे. पानावर चॅप्टर्स सापडले नाहीत तर हे साधन वर्णनातल्या वेळा वाचून स्वतःच यादी तयार करतं. त्यामुळे युट्यूबने नाकारलेली यादीही तिथे व्यवस्थित छापून येऊ शकते. इतर प्रोग्रॅमना व्हिडिओची माहिती पुरवणाऱ्या युट्यूबच्या डेटा एपीआयमध्ये तर चॅप्टर्ससाठी वेगळा रकानाच नाही. तिथून वर्णन मिळतं, निकाल मिळत नाही.

आता "बंद केलेत" या भागाकडे. बहुतेक वेळा कोणी काही बंद केलेलं नसतं, यादीच नियमात बसलेली नसते. भाजणीच्या थालीपिठाच्या व्हिडिओखाली असं वर्णन आहे समजा:

```
00:00 ओळख
00:35 धान्य कोणतं, किती
02:10 डाळी भाजणं
02:16 रंग कसा ओळखायचा
06:40 दळण
09:05 थालीपीठ थापणं

6:50 ला दाखवलेली चाळणी कुठे मिळते ते कमेंटमध्ये
```

सुरुवात 00:00 ला आहे, वेळा तीनापेक्षा जास्त आहेत, सगळ्या निळ्या होऊन क्लिकही होतात. वरवर सगळं ठीक. पण प्रत्येक चॅप्टर किमान 10 सेकंदांचा लागतो आणि "डाळी भाजणं" इथे सहाच सेकंदांचा आहे. शिवाय वेळा चढत्या क्रमाने हव्यात. चाळणीची ओळ 09:05 नंतर येते आणि तिच्यात 6:50 आहे. ती माणसाला टीप वाटते, पण यादी वाचणाऱ्या यंत्रणेसाठी तीही एक वेळच, आणि तिने क्रम बिघडू शकतो. निळा रंग फक्त एवढंच सांगतो की हा आकडा वेळ म्हणून ओळखला गेला. उलट एखादी वेळ निळी झालीच नसेल, तर दोष तिथेच आहे. आकडे 0 ते 9 असे इंग्रजी लिपीत टाकावेत, मधे साधा कोलन, आणि वेळेनंतर जागा सोडून मराठी नाव.

इथला उपाय दोन मिनिटांचा: 02:16 ची ओळ काढून तिचं नाव वरच्या ओळीत मिसळायचं, "डाळी भाजणं आणि रंग ओळखणं", आणि चाळणीच्या ओळीत वेळ न लिहिता "दळणाच्या भागात दाखवलेली चाळणी" म्हणायचं. सेव्ह करून सोर्समध्ये परत शोधायचं.

अपलोडनंतर स्टुडिओच्या एडिटरमध्ये सुरुवातीचा भाग कापला असेल, तर वर्णनातल्या वेळा आपोआप सरकत नाहीत. त्या हातानेच बदलाव्या लागतात. नाहीतर चॅप्टर्स लागतात, पण प्रत्येक नाव चुकीच्या जागी उघडतं, आणि हे सोर्समध्ये शोधून कळत नाही, क्लिक करून बघावंच लागतं.

खरोखर बंद असण्याची कारणं मोजकी आहेत. चॅनेलवर नियम मोडल्याबद्दलची स्ट्राइक चालू असेल किंवा मजकूर काही प्रेक्षकांसाठी अयोग्य ठरण्याजोगा असेल, तर चॅप्टर्स मिळतीलच असं नाही, असं युट्यूबच्या मदत पानावरच लिहिलं आहे. यादी निर्दोष असूनही `DESCRIPTION_CHAPTERS` येत नसेल, तर आधी स्ट्राइक आहे का ते बघा. आपोआप बनणारे चॅप्टर्सच येत नसतील, तर कारण घरचंही असू शकतं: सेटिंग्जमध्ये `Upload defaults` च्या `Advanced settings` खाली कोणीतरी ऑटोमॅटिक चॅप्टर्सची टिक काढून ठेवलेली असते. चॅनेल दोघेतिघे मिळून चालवत असतील तर हे सहज होतं. ती सेटिंग ब्राउझरमधून टाकलेल्या नव्या व्हिडिओंना लागते. तिथे टिक परत लावली तरी आधी टाकलेले व्हिडिओ बदलत नाहीत, ते एकेक उघडून बघावे लागतात.

गूगलच्या शोधात व्हिडिओखाली "की मोमेंट्स", म्हणजे व्हिडिओतल्या ठरावीक जागांच्या लिंक, दिसत नाहीत, हेही बंद असल्याचं लक्षण धरू नये. ते दाखवायचे की नाही हे गूगल सर्च ठरवतं. युट्यूबवर चॅप्टर्स नीट लागलेले असूनही तिथे काहीच न दिसणं शक्य आहे.

आणि डिलीट करण्याबद्दल. नव्याने टाकलेल्या व्हिडिओला नवी लिंक मिळते. जुन्या लिंकवरचे व्ह्यूज, कमेंट्स, लोकांनी एकमेकांना पाठवलेला पत्ता, सगळं जातं. वर्णनातली सदोष यादी मात्र बहुधा जशीच्या तशी कॉपी होऊन नव्या व्हिडिओखाली येते, आणि चॅप्टर्स तिथेही लागत नाहीत. वर्णन आणि ती टिक, दोन्ही चालू व्हिडिओवर कधीही बदलता येतात. व्हिडिओच्या फाइलला हात लावायची गरजच पडत नाही.