वीस वर्षं वापरला म्हणून रस्ता आपोआप आपला होत नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण सगळं वकिलांच्या फायद्याचं लिहिलंय. वीस वर्षं वापर असेल तर हक्क आपोआप मिळतो, एवढं साधं सांगायला काय जातं? शेजाऱ्याने वाट अडवली तर तहसीलदाराकडे अर्ज टाकायचा, नाहीतर चार माणसं घेऊन भिंत पाडायची. कोर्टात गेलेला माणूस म्हातारा होतो."

नमस्कार. तुमचा राग मला पूर्ण पटतो. घरी जायची एकच वाट असते, ती बंद झाली की म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात कसं न्यायचं इथपासून प्रश्न सुरू होतो, आणि अशा वेळी "दावा दाखल करा" हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. पण तुम्ही जे तीन उपाय लिहिलेत त्यातल्या प्रत्येकात एक खड्डा आहे, आणि लोक त्यात पडतात म्हणूनच दुसऱ्याच्या जागेतून जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेवरचा तो लेख लिहिला होता. त्यामुळे जरा सविस्तर उत्तर देतो.

आधी भिंत पाडायचं बघू, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथे होतं. वहिवाटीच्या रस्त्याचे हक्क ज्या कायद्यात येतात तो भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा, आणि त्याच्या कलम ३६ मध्ये सरळ लिहिलंय की हक्कदाराने अडथळा स्वतः काढायचा नाही. म्हणजे हक्क तुमचा शंभर टक्के खरा असला तरी हातोडा घेऊन गेलात की फिर्यादी शेजारी होतो आणि आरोपी तुम्ही, आणि उद्या कोर्टात तातडीचा हुकूम मागायला उभे राहिलात की समोरचा वकील पहिल्यांदा तीच एफआयआर दाखवतो.

आता "आपोआप" वर येतो. कलम १५ मध्ये २० वर्षं आहेत हे बरोबर, पण नुसती वर्षं मोजून भागत नाही. तो वापर उघड असावा लागतो, शांततेत असावा लागतो, खंड न पडता असावा लागतो आणि मुख्य म्हणजे हक्क म्हणून असावा लागतो. लोक इथेच अडकतात. तुम्ही वीस काय चाळीस वर्षं शेजाऱ्याच्या परवानगीने गेला असाल तर कायद्याच्या नजरेत तो परवाना, आणि दिलेला परवाना साधारणपणे काढून घेता येतो. शिवाय ही वीस वर्षं दावा दाखल करायच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असायला हवीत. म्हणजे वाट बंद झाली, तुम्ही "बघू, समजेल त्याला" करत तीन वर्षं काढलीत आणि मग कोर्टात गेलात, तर आधीची पस्तीस वर्षंही या कलमाखाली कामाला येत नाहीत. आणि अडथळा झालाय हे कळूनही वर्षभर निमूट मान्य केलंत तर तो वापरातला खंड धरतात. म्हणून म्हणतो, वाट अडली की पहिल्या आठवड्यातच लेखी हरकत घ्या, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा. नोटिशीने गेट उघडणार नाही, पण तुम्ही गप्प बसला नव्हतात याचा कागद हातात राहतो.

पण माझ्या मते बऱ्याच घरांच्या बाबतीत वीस वर्षांचा मुद्दा मुळात पहिला नसतोच. एक उदाहरण धरून चालू. समजा वडिलांची एकच जागा, १९९८ साली दोन भावांत वाटणी झाली, रस्त्याकडचा भाग थोरल्याला, मागचा धाकट्याला. धाकट्याला बाहेर पडायला थोरल्याच्या भागातून कडेने सहा फुटांचा बोळ, दुसरीकडे तिन्ही बाजूंनी इतरांच्या भिंती. वाटणीपत्रात बोळाचा शब्द नाही, कारण तेव्हा भाऊ भाऊ होते. २०१६ मध्ये थोरल्याने आपला भाग विकला आणि २०२५ मध्ये घेणाऱ्याने बोळाला गेट लावून कुलूप घातलं.

धाकटा वकिलाकडे जातो आणि म्हणतो, साहेब सत्तावीस वर्षं झाली. खरं आहे, पण समोरचा लगेच म्हणणार की त्यातली पहिली अठरा वर्षं तर सख्ख्या भावाची जागा होती, भाऊ भावाला जाऊ देतो त्यात हक्क कसला, ती परवानगीच. आणि परवानगी धरली तर नवा मालक आल्यापासून फक्त नऊच वर्षं उरतात. म्हणून या केसमध्ये पहिला आधार कलम १३ चा घ्यायचा, म्हणजे गरजेचा सुविधाधिकार. एकच जागा वाटणीने किंवा विक्रीने तुटली आणि एका तुकड्याला दुसऱ्यातून गेल्याशिवाय वापरच नाही, तर तो हक्क जागा तुटली त्या दिवशीच जन्माला येतो, वीस वर्षं थांबायला लागत नाही. आणि तो जमिनीवरचा बोजा असल्याने जागा विकली तरी नव्या मालकाच्या मागे जातो, "माझ्या खरेदीखतात रस्त्याचा उल्लेख नाही" हे त्याचं एकमेव उत्तर असेल तर ते पुरत नाही.

याच्याही मर्यादा आहेत. गरज म्हणजे निकड, सोय नाही. मागच्या बाजूने वळसा घालून, खड्ड्याखुड्ड्यांतून का होईना पण तुमच्या हक्काची दुसरी वाट असेल तर कलम १३ गेलं, मग कलम १५ वर यावं लागतं, तिथे दुसरी वाट असली तरी हक्क आपोआप जात नाही. उद्या धाकट्याने मागची पट्टी विकत घेऊन दुसरीकडून रस्ता काढला तर कलम ४१ प्रमाणे बोळावरचा गरजेचा हक्क संपतो. आणि रुंदी! कलम २८ म्हणतं की गरजेचा हक्क जागा तुटली तेव्हाच्या गरजेएवढाच. १९९८ ला तिथून माणसं आणि सायकल जात होती तर आज "माझी चारचाकी जाईल एवढा रस्ता द्या" ही मागणी टिकणं कठीण. लोक इथे हावरेपणा करतात आणि बारा फूट मागून सहा फुटांची चांगली केस कमकुवत करतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

दाव्यात काय लिहिता यावर सगळं उभं असतं, यात वकिलाच्या पोटाचा प्रश्न नाही. २००८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने असा दावा फेटाळला ज्यात वादी "ही पट्टी माझ्या मालकीची" म्हणून आला होता, मालकी सिद्ध झाली नाही आणि हायकोर्टाने मग वहिवाटीचा हक्क धरून अडथळा न करण्याचा मनाई हुकूम दिला होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं की दाव्यात जे मागितलंच नाही ते देता येत नाही. म्हणून बोळ मालकीचा आहे असं म्हणायचं असेल तर ते म्हणा, पण मालकी न ठरल्यास गरजेचा हक्क आणि तोही न ठरल्यास वीस वर्षांचा, असं पर्यायाने स्पष्ट लिहून घ्या, कधीपासून वापर होता ते वर्षासकट. आणि सोबत नकाशा जोडा, मोजणीचा असेल तर उत्तम, बोळ कुठून कुठे जातो, लांबी किती, रुंदी किती. नुसतं "दाव्यातील रस्ता" लिहिलेलं असेल तर हुकूम मिळाला तरी अंमलबजावणीला आलेला माणूस विचारतो, साहेब नेमकं किती फूट मोकळं करायचं?

तहसीलदाराबद्दल. तुम्ही ज्याचा उल्लेख केलाय तो बहुधा मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५. तो चांगला उपाय आहे, पण तो शेतजमिनीकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यासाठी, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. शेताच्या बांधावरची वाट असेल तर जरूर जा. पण गावठाणातल्या किंवा प्लॉटमधल्या घराच्या बोळासाठी तिथे अर्ज टाकून महिनोन्‌महिने तारखा घेतल्या आणि शेवटी "हा विषय आमच्या अधिकारात नाही" असं कागदावर आलं तर मधला वेळ फुकट गेला, आणि वर सांगितलेली दोन वर्षांची मुदत तोवर थांबून राहील असं धरू नका. पोलीस "दिवाणी मॅटर आहे" म्हणतात त्यालाही कारण आहे, अटकाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा असला तरी आपल्याला अडवायचा कायदेशीर हक्क आहे असं प्रामाणिकपणे मानून खासगी वाट अडवणाऱ्याला त्यातच अपवाद दिलेला आहे. भांडण मारामारीपर्यंत जायची भीती असेल तर मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं, फक्त रोजच्या वाटेच्या बाबतीत आधीच्या तीन महिन्यांत वापर झालेला असावा लागतो. तो हुकूमही तात्पुरता, शेवटी हक्क दिवाणी कोर्टच ठरवतं.

"म्हातारा होतो" हे मूळ दाव्याबद्दल खरं असू शकतं, पण वाट मोकळी होणं बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर, तात्पुरत्या मनाईच्या, म्हणजे निकाल लागेपर्यंत वाट अडवू नका असा हुकूम मागणाऱ्या अर्जावर ठरतं. आणि तिथे वेळ सगळ्यात महत्त्वाची. पाया खणताना गेलात तर तुम्ही "पुढे बांधू नका" एवढंच मागता. भिंत उभी राहिल्यावर गेलात तर "बांधलेली पाडा" असं मागावं लागतं, आणि निकालाआधीच असा हुकूम द्यायचा तर नेहमीपेक्षा मजबूत केस लागते, हे सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच सांगितलंय. म्हणून विटांची गाडी दिसली त्या दिवसापासून तारखेसकट फोटो काढा, वाटणीपत्र आणि मिळकत पत्रिका गोळा करा, आणि दाव्याबरोबरच कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज द्या. दुसरी वाट नाही हे तुम्ही शपथेवर सांगणं वेगळं आणि कमिशनरने जागेवर येऊन तिन्ही बाजू बघून अहवालात लिहिणं वेगळं.

आता शेवटचं, जे मूळ लेखात थोडक्यात होतं आणि तुम्ही विचारलेलंही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दावा दाखल झाला की पंच जमतात, शेजारी नरम येतो आणि एक कागद पुढे करतो: "माणुसकीच्या नात्याने मी यांना माझ्या जागेतून जाण्या-येण्यास परवानगी देत आहे." घरातले म्हणतात मिटलं एकदाचं, सही कर. कृपा करून त्या कागदावर सही करू नका. त्या एका ओळीने तुम्ही हक्क नाही, परवानगी होती असं कबूल करता, आणि तो उद्या परत गेट लावू शकतो. तडजोड जरूर करा, पण त्यात "कायमस्वरूपी जाण्या-येण्याचा हक्क" असे शब्द हवेत, दोन्ही बाजूंच्या वारसांवर आणि पुढच्या खरेदीदारांवर बंधनकारक असं हवं, रुंदी फुटात हवी, नकाशा जोडलेला हवा. कोर्टाबाहेर करत असाल तर रजिस्टर करा, दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून त्याप्रमाणे हुकूमनामा घ्या. असा लेखी दिलेला हक्क गरजेच्या हक्कासारखा दुसरी वाट निघाली म्हणून संपत नाही.

तुमच्या स्वतःच्या घराचा प्रश्न असेल तर जागा मुळात एकच होती का, ती कधी आणि कोणत्या कागदाने तुटली, आणि वाट नेमकी कोणत्या तारखेला बंद झाली, एवढं लिहा. नावं-पत्ते नकोत. कोणतं कलम लागू पडतंय ते त्यावरून बरंचसं सांगता येईल.