अंगठा, तूरडाळ आणि जावईबापू

पहाटे तीनला अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या अंगठ्याला पांघरुणाचं टोक लागलं आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की खालचा वॉचमन काठी घेऊन वर आला. अंगठा लालबुंद, सुजलेला. रक्तात युरिक ॲसिड ८.९. डॉक्टर म्हणाले, गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून येणारी सूज. आधी सूज उतरवू, मग युरिक ॲसिडची गोळी सुरू करून आकडा सहाच्या खाली आणू.

त्याच संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात खटला भरला. न्यायाधीश सासूबाई, साक्षीदार अख्खा मजला. तूरडाळीला तडीपार केलं. मसूर, उडीद, चवळी, पालक तिच्या मागोमाग गेले. दही आणि चिंच ‘आंबट’ म्हणून गेली. युरिक ॲसिड आंबट असतं म्हणजे आंबट खाल्ल्यानेच होतं, हा युक्तिवाद कुणालाच खोडता आला नाही. निर्दोष सुटला तो एकटा दुधीभोपळा.

खरेदी माझ्याकडे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तूरडाळीचं पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. “साहेब, गाऊटला डाळ म्हणजे विष! हे घ्या.” आणि संत्र्याच्या रसाचे दोन खोके पिशवीत टाकले. फळाचा रस, पथ्याचा. मला पटलं.

वरणाविना अण्णा हिरमुसले, म्हणून जावयाचं काळीज द्रवलं. रविवारी मटणाचं अळणी केलं. नुसतं पाणी, त्यात काय असणार? मधल्या वारी चिमूटभर सुकट. शनिवारी मित्र आले तेव्हा एक बिअर, कारण व्हिस्की ‘कडक’. आणि रोज दोन ग्लास संत्र्याचा रस. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं. ८.७. एवढा दुधी गिळून शून्य पूर्णांक दोन!

डॉक्टरांनी अण्णांना काहीच विचारलं नाही. “खरेदी कोण करतं?” मी हात वर केला. त्यांनी पिशवीत काय काय होतं ते एकेक करून वदवून घेतलं. मी दुधीपासून सुरुवात केली, पण ते ‘आणखी?’ म्हणत राहिले.

युरिक ॲसिड होतं प्युरिन नावाच्या पदार्थापासून. तो कलेजी, गुर्दा यांत ठासून भरलेला. मटणात आणि तारली-बांगड्यात बऱ्यापैकी. तो पाण्यात विरघळतो. म्हणजे मटण उकळलं की फोडींतलं प्युरिन पाण्यात उतरतं, आणि मी फोडी स्वतः खाऊन ते पाणी अण्णांना पाजत होतो. सुकटीतलं पाणी उडालेलं, म्हणून चिमूटभरातही माल दाट. बिअरमध्ये दारू आहेच, जी युरिक ॲसिड बाहेर टाकायला मूत्रपिंडाला अडवते, शिवाय प्युरिनही आहे. म्हणजे व्हिस्की टाळून मी थोरल्या चोराला घरात घेतलं. (व्हिस्कीसुद्धा साव नाहीच.)

“आणि डाळ?” सासूबाईंनी जरा हळूच विचारलं.

डाळीत प्युरिन आहे, पण मध्यम. ४७ हजार पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये अमेरिकेत निष्कर्ष निघाला, की मांस-मासे खाणाऱ्यांत गाऊट वाढतो, पण डाळी-पालकासारख्या वनस्पतींतल्या प्युरिनमुळे वाढताना दिसत नाही. दूध, दही खाणाऱ्यांत तर कमी. अण्णांची मूत्रपिंडं ठीक आहेत, तेव्हा वाटीभर वरण खुशाल. आमचा अख्खा खटलाच उलटा चालला होता.

मी शेवटचा बचाव केला, “निदान रस तरी?” डॉक्टरांनी खोक्याची मागची बाजू वाचायला लावली. १०० मिलीलीटरमागे ११ ग्रॅम साखर. दोन ग्लास म्हणजे अर्धा लीटर, ५५ ग्रॅम, अकरा चमचे! त्यातली साधारण निम्मी फ्रुक्टोज. ती पचवताना यकृत स्वतःची शिल्लक ऊर्जा भसाभस खर्च करतं, आणि त्या खर्चाची राख म्हणजेच युरिक ॲसिड. प्युरिनचा कणही न खाता. कोल्ड्रिंकचं तेच. संत्रं सोलून खाल्लं तर चालतं. एका बैठकीत पाच संत्री कोण सोलतो?

वर त्यांनी बजावलं, की सगळं पथ्य पाळूनही आकडा साधारण एकाने उतरेल, फार नाही. बाकीचं काम गोळीचं, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता माझी यादी सुटसुटीत आहे: तूरडाळ, दूध, ताक, अंडी, पापलेटचा एखादा तुकडा. मासळीवाल्या मावशी सुकट पुढे करतात तेव्हा मी मान फिरवतो. “असं काय भाऊ, सासऱ्याशी भांडलास?”

काल तूरडाळ आणायला त्याच किराणावाल्याकडे गेलो. तो चक्क बसूनच होता. “दोन किलो? साहेब, गाऊटला...” असं म्हणत तो उठला आणि कळवळून परत बसला. काउंटरवर अर्धी संपलेली कोल्ड्रिंकची बाटली होती, एका पायात बूट होता आणि दुसरा पाय पोत्यावर. तुरीच्याच.