जोडशब्द मोजून परिच्छेद जुळत नाही

"परिच्छेद सुसंगत करण्याची हमखास युक्ती! १) प्रत्येक वाक्याची सुरुवात जोडशब्दाने करा. २) पाच वाक्यांत किमान चार जोडशब्द हवेतच, वाक्यं आपोआप जुळतात. ३) 'आणि' टाळा, 'तसेच', 'शिवाय', 'परिणामी' आलटून-पालटून वापरा. ४) शेवटी 'थोडक्यात' लिहा. मुलांना नक्की पाठवा."

पाठवलाच आहे. सांगलीतल्या शाळा-क्लासच्या ग्रुपांवरून फिरत फिरत माझ्या दहावीतल्या पुतणीच्या निबंधाच्या वहीत हा मजकूर तक्ता होऊन चिकटलाय. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

सर्वांत जास्त नुकसान दुसरा मुद्दा करतो, म्हणून तोच आधी घेते. या युक्तीने लिहिलेला परिच्छेद साधारण असा होतो:

"सांगली हळदीसाठी प्रसिद्ध आहे. तसेच हळद औषधी असते. शिवाय सांगलीतून कृष्णा नदी वाहते. परंतु नदीला पूर येतो. म्हणून येथील शेतकरी कष्टाळू आहेत."

पाच वाक्यं, चार जोडशब्द, म्हणजे मेसेजच्या हिशेबाने पैकीच्या पैकी. आता पेन्सिल घेऊन चारही जोडशब्द खोडा आणि दुसरं व तिसरं वाक्य अदलाबदल करून वाचा. काहीच बिघडत नाही. वाक्यांची जागा बदलूनही परिच्छेदाला फरक पडत नसेल, तर त्यात क्रम नव्हताच.

'म्हणून' तर सरळ खोटं बोलतोय. तो परिणामबोधक आहे. त्याच्या डावीकडे कारण आणि उजवीकडे परिणाम असतो, असं वचन तो वाचकाला देतो. पूर येतो हे कष्टाळूपणाचं कारण कसं? मधल्या दोन-तीन पायऱ्या (पुरात पीक जातं, पुन्हा लावावं लागतं, खर्च दुप्पट होतो) लिहिणाऱ्या मुलीने लिहिल्या नाहीत, कारण 'म्हणून' लिहिल्यावर काम झालं असं तिला वाटलं. न केलेला विचार केल्यासारखा दिसतो, हे या युक्तीचं खरं नुकसान. जोडशब्द नसता, तर निदान फट उघडी दिसली असती आणि शिक्षकांनी तिथे खूण केली असती.

आता हा दुसरा परिच्छेद बघा. यात वाक्याच्या सुरुवातीला एकही जोडशब्द नाही:

"शेतातून निघालेली हळद ओली असते. ती आधी उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवतात. शिजलेले कंद दहा-पंधरा दिवस उन्हात वाळतात. वाळलेल्या कंदाची साल खरखरीत आणि काळपट असते. ड्रममध्ये घासून ती काढली की आतला पिवळा रंग उघडा पडतो. बाजारात भाव या रंगाला मिळतो."

इथे दोन वाक्यं अदलाबदल करून बघा, लगेच अडखळाल. 'शिजवतात' संपलं तिथून 'शिजलेले कंद' उचललं, 'वाळतात'वरून 'वाळलेल्या कंदाची साल', सालीखालून रंग, रंगावरून भाव. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या टोकाला धरून सुरू होतं आणि स्वतःकडचं एक नवं काहीतरी पुढे देतं. वाचकाच्या मनात 'मग पुढे काय?' येतं आणि पुढचं वाक्य नेमकं त्याचंच उत्तर असतं. याला सुसंगती म्हणतात, इंग्रजीचे शिक्षक ज्याला कोहिरन्स म्हणतात ते.

यातले 'ती', 'शिजलेले', 'या रंगाला' हेही सांधेच आहेत, फक्त जोडशब्द नाहीत. शब्दांच्या पातळीवरच्या या बांधणीला संसक्ती म्हणतात, म्हणजे कोहिजन. हॅलिडे आणि हसन यांनी १९७६ मध्ये इंग्रजीतल्या संसक्तीचा जो पायाभूत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तिचे पाच प्रकार मांडले आहेत: सर्वनामांसारखे निर्देश, एका शब्दाऐवजी दुसरा ठेवणं, शब्द गाळणं, जोडशब्द, आणि एकाच विषयातल्या शब्दांची पुनरावृत्ती वा जवळीक. जोडशब्द हा पाचातला एक. मेसेज त्या एकालाच सगळं समजून बसलाय. आणि पाचही असले तरी अर्थ जुळेलच असं नाही. पहिल्या परिच्छेदात सांगली, हळद, नदी हे शब्द पुन्हा पुन्हा येतातच की. शब्दाला शब्द धरलाय, मुद्द्याला मुद्दा नाही.

उलटंही होतं. सातारा स्टँडवर कुणी विचारतं, "पुण्याची गाडी आली का?" आणि उत्तर येतं, "खंबाटकीत ट्रक उलटलाय." दोन वाक्यांत एकही समान शब्द नाही, सर्वनाम नाही, जोडशब्द नाही. तरी विचारणारा पिशवी खाली ठेवून बाकावर बसतो. गाडी त्याच घाटातून येते हे दोघांना माहीत आहे, जोडणी तिथे आहे. परीक्षेच्या उत्तरात मात्र वाचकाला काय माहीत आहे याचा अंदाज घेऊन राहिलेली पायरी लिहावी लागते. पायरी म्हणजे एक आख्खं वाक्य. तिच्या जागी 'परिणामी' ठेवून भागत नाही.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. काही ठिकाणी जोडशब्द नसेल तर वाचक चुकतो. "हळदीचं उत्पादन घटलं. भाव चढले." इथे काहीच लागत नाही, कारण माल कमी झाला की भाव चढणार हे वाचकाने आधीच धरलेलं असतं. "हळदीचं उत्पादन घटलं. भाव उतरले." इथे वाचक थबकतो, आपणच चुकीचं वाचलं का म्हणून मागे जातो. इथे 'तरीही' हवाच. अपेक्षेच्या उलट वळण असेल तिथे 'पण', 'तरीही', 'उलट' यांपैकी एक द्या. पण हा नियम वळणापुरता आहे, प्रत्येक वाक्याला नाही. आणि 'तरीही' दिल्यावरसुद्धा भाव का उतरले ते पुढच्या वाक्यात सांगावंच लागतं.

तिसऱ्या मुद्द्याला शाळेचं व्याकरणच उत्तर देतं. 'शिवाय' समुच्चयबोधक, 'परिणामी' परिणाम सांगणारा. शर्ट बदलावा तसे ते आलटून-पालटून वापरले की वाक्याचा अर्थच बदलतो. आणि 'आणि'ला एवढं घाबरायचं कारण नाही. क्रम दाखवायला तर मराठीला बऱ्याचदा जोडशब्द लागतच नाही, क्रियापदाला लावलेला 'ऊन' प्रत्यय पुरतो. "हळद शिजवतात. त्यानंतर ती वाळवतात. त्यानंतर ती घासतात" यापेक्षा "हळद शिजवून, वाळवून मग घासतात" हे घरात कुणीही सहज बोलतं.

'थोडक्यात'बद्दल एवढंच: सहा ओळींच्या परिच्छेदाचं थोडक्यात काय करणार?

वही तपासणाऱ्या आई-बाबांनी एवढं करावं. परिच्छेदातले जोडशब्द बोटाने झाकून मोठ्याने वाचा. जिथे अर्थ तुटतो, तिथे मुलाला विचारा, "या दोन वाक्यांचा संबंध काय?" तो तोंडी जे सांगेल ते बहुतेक वेळा न लिहिलेलं मधलं वाक्य असतं, तेच तिथे लिहायला सांगा. त्याला काहीच सांगता आलं नाही, तर दोनपैकी एक वाक्य त्या परिच्छेदातलं नाही. वरच्या उदाहरणातलं कृष्णेचं वाक्य तसंच आहे. ते आणि त्याला लटकलेली पुढची दोन वाक्यं काढून टाका, आणि उरलेल्या जागेत हळद औषधी कशी, कुठे लावतात, कशाला लावतात ते लिहू द्या.