टाचेला साक्षीदार हवा

सकाळी सहाला दूधवाला बेल वाजवतो आणि मी पलंगावरून पाय खाली टाकतो. पहिल्याच पावलाला उजव्या टाचेत कुणीतरी खिळा ठोकतं. कपाट, भिंत, खुर्ची असं धरत धरत दार गाठतो. पण पिशवी घेऊन ओट्याशी येईपर्यंत चाल बरीचशी सुधारलेली! त्यामुळे घरात माझ्या दुखण्याला साक्षीदारच नाही. "दूध घ्यायचं म्हटलं की यांची टाच दुखते," हे बायकोचं निदान. आईने रुईचं पान गरम विटेवर ठेवून शेक दिला. वीट जरा जास्तच तापली होती, त्यामुळे दोन दिवस टाच विसरून चटका सांभाळला. शेजारच्या काकांनी तर "हाड वाढलंय" म्हणून ऑपरेशनच ठरवून टाकलं.

हाडांच्या डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं. मी नेमका परेडसारखा चाललो. बायकोने विजयी मुद्रेने पाहिलं.

"बराच वेळ बसून उठलात की पुन्हा दुखतं?"

दुखतं की! डॉक्टरांनी पायाची बोटं वर ओढून धरली आणि टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अंगठा रोवला. मी ओरडलो तो बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेला. साक्ष मिळाली.

टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो. उठल्यावर सगळं वजन एकदम पडतं आणि तो टाचेपाशी ताणला जातो. थोडं चाललं की सैलावतो. नाव प्लांटर फॅसिआयटिस. माझ्या दुखण्याला एवढं भारदस्त नाव आहे हे ऐकून मला बरंच वाटलं.

मग त्यांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबली. तसं दुखलं असतं, चालून कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं असतं, तर हाडाला बारीक चीर असल्याचा संशय. आग किंवा मुंग्या असत्या तर नस तपासायची. दोन्ही टाचा दुखून कंबरही रोज सकाळी बराच वेळ आखडत असती, विशेषतः तरुणपणी, तर मणक्याच्या वाताची चौकशी. माझं यातलं काहीच नव्हतं.

"एक्स-रे?" मी आशेने विचारलं.

"आत्ता नको. वाढलेलं हाड दिसलं तरी तेच दुखतंय असं नाही. कित्येकांचं वाढलेलं असतं आणि टाच ठणठणीत असते." हे काकांना अजून सांगितलेलं नाही. ऑपरेशन रद्द झाल्याचं त्यांना वाईट वाटेल.

उपाय असा, की पाय जमिनीला लावण्याआधी बसल्या जागी तो दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटं नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. फरशीवर अनवाणी फिरायचं नाही. बरं व्हायला काही महिने लागतील.

आता बेल वाजते तेव्हा माझी चौथी खेप चालू असते.

"अहो, दूध!"

"अगं, अजून सहा राहिल्यात. आधी उतरायचं नाही, कागदावर लिहून दिलंय."

तो कागद मी उशीखालीच ठेवतो.