मूळव्याधीच्या सुजेवरचा तो मेसेज: खुलासा

"सुजलेल्या मूळव्याधीवर फक्त बर्फ. गरम पाण्यात बसलात तर सूज वाढते. बधिर करणारं मलम रोज लावा, मोड गळून पडतो."

हे अर्धवट आहे. मोड टरारून सुजून ठणकत असेल तर पहिल्या दिवशी गार शेक बरा वाटतो: बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. उघडा बर्फ नको, कातडी भाजल्यासारखी होते. कोमट पाण्याचं काम वेगळं. दुखण्याने गुदद्वाराचा स्नायू आवळून बसतो, तो टबात दहा-पंधरा मिनिटं बसल्यावर सैल पडतो. म्हणून शौचानंतर ते जास्त कामी येतं. सोसवेल इतपतच कोमट. चटका बसणारं नको.

लिडोकेनचं बधिर करणारं मलम फक्त ठणका दाबतं, मोड जागेवरच राहतो. आठवडाभराच्या वर ते वापरू नये, त्वचा चिडते. एक चूक मी स्वतः केली आहे: मलम लावून लगेच बर्फ धरला. बधिर जागेला गारठा कळलाच नाही, कातडी पांढरी पडल्यावर लक्षात आलं.

अचानक कडक, निळसर गाठ येऊन असह्य दुखत असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा. रक्त जात असेल तरीही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.