भिंतीचा बीपी

काल पानठेल्यावर एका पोरानं मला विचारलं, "भाऊ, भिंतीचा बीपी उतरला का?" गावात ही बातमी कोणी पसरवली असेल, हे मला न विचारताच कळलं. आमच्या शेजारचे काकाजी! खर्रा घोटता घोटता माणसाची अब्रूही घोटतात.

झालं असं की, ऐन मे महिन्यात बेडरूमच्या भिंतीला, खाली फरशीजवळ, भाकरीएवढा ओला डाग पडला. पलीकडे न्हाणीघर. रंगाला फुगे आले, त्यावर पांढरा लोणा. दोन दिवसांत भाकरीचं सूप झालं. बाहेर अशी आग की वाळत घातलेला कपडा दहा मिनिटांत कडक होतो, आणि भिंत मात्र ओली.

"कूलरचं पानी हाय," काकाजींनी निकाल दिला. कूलर दोन रात्री बंद ठेवला. आम्ही घामानं भिजलो आणि डाग वाढला. मी पेन्सिलनं त्याच्या कडेनं रेघ मारून वेळ लिहून ठेवली होती, म्हणून वाद तरी मिटला.

मग सांडपाण्यावर संशय आला. सांडपाण्याचा पाइप आंघोळ केल्यावरच गळतो, नळाचा मात्र चोवीस तास, कारण त्यात पाणी सतत दाबाखाली असतं. हे तपासायचं म्हणून न्हाणीघर दोन दिवस बंद केलं आणि आंघोळीला काकाजींकडे गेलो. ते दाराबाहेर उभे राहून बादल्या मोजत. "दोन झाल्या हं!" पन्नाशीच्या माणसाला हे ऐकावं लागतं. डाग वाढतच होता. रात्री सगळे नळ आणि फ्लशचा कॉकही बंद केला, तरी सकाळी टाकी चार बोटं उतरली. म्हणजे दोष नळाच्या पाइपातच.

तालुक्यावरून प्लंबर आला. हातपंप, छोटी टाकी आणि त्यावर काटेवालं घड्याळ. त्यानं आमच्या वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, नळ काढून तिथं प्लग बसवले, पाइपातली हवा काढली. हवा राहिली तर ती दाबली जाते आणि काटा फसवतो, असं तो म्हणाला. मग पंप मारून काटा पाच किलोवर आणला. आमची टाकी नळाच्या जेमतेम दहा फूट वर, म्हणजे एरवी दाब अर्धा किलोही भरत नाही. म्हणून गळती आतल्या आत रांगत होती.

काकाजी खुर्ची घेऊन आले. काट्यासमोर बसले.

"वरचा किती अन् खालचा किती?"

"काकाजी, याले एकच असते."

"मंग मशीन हल्की हाय. डॉक्टरची दोन्ही दाखवते."

एवढ्यात काटा उतरायला लागला. "गेला! गेला!" काकाजी असे ओरडले की बायको स्वयंपाकघरातून पळत आली. तर पंपाच्या नळीचा जोडच ठिबकत होता. प्लंबरनं टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा दाब दिला. गिझरची गरम लाइन वेगळी करून तपासली. अर्धा तास काटा हलला नाही. थंड्या लाइनीवर मात्र दहा मिनिटांत पाचाचा साडेतीनवर.

"सापडलं?" मी म्हटलं.

"लाइन सापडली, जागा नाई," तो म्हणाला. काटा फक्त गळतंय एवढं सांगतो, कुठं ते नाही. आणि डागाखाली फोडायचं नसतं, कारण पाणी पाइपाच्या झिरीतून घसरत खाली येतं. दोष बहुतेक वरच असतो.

त्यानं पुन्हा दाब चढवला, पंखा बंद करायला लावला आणि स्टीलचा गिलास टाइलवर टेकवून कान लावला. "येऊन राह्यला आवाज! सर्रर्र..." दोन फूट सरकला, तिथंही सर्रर्र. बेडरूमकडूनही सर्रर्र. सगळी भिंतच फुटली की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. वळून पाहिलं तर काकाजी प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होते.

खर्रा थांबवल्यावर आवाज एकाच जागी उरला. नळाच्या सरळ वर, दीड फुटावर, टॉवेलच्या दांडीच्या मागे. टाइल फोडली. दांडीचा स्क्रू पाइपात आरपार. तीन वर्षं तोच बूच बनून बसला होता. गंजून झिजला, तेव्हा पाणी सुटलं.

ती दांडी मीच लावली होती. स्टूल धरला होता काकाजींनी. "नळाच्या सरळ रेषेत मार, शोभून दिसते," असं म्हणत त्यांनी वितीनं मोजूनही दिलं होतं. नळाच्या वर-खाली सरळ रेषेत पाइप असतो, तिथं ड्रिल लावायचं नसतं, हे तेव्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आज त्यांना आठवण करून दिली तर म्हणतात, "मी खिळा म्हन्लो होतो. स्क्रू तुह्या डोक्यातला."

पाइपाचा तुकडा बदलला. त्या रंगाची टाइल आता कुठल्याच दुकानात मिळत नाही, त्यामुळे माझ्या निळ्या न्हाणीघरात एक पिवळा चौकोन कायमचा. सोल्यूशन वाळेस्तोवर, उद्यापर्यंत, पाणी सोडायचं नाही म्हणे.

म्हणून आज सकाळी पुन्हा टॉवेल घेऊन काकाजींच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आतून कडी काढली, माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "आज एकच बकीट हं. टाकी उतरून राह्यली आमची."